पनामाचा मृत्युदर स्वीडनपेक्षा कमी? वय-प्रमाणित दर कसा काढतात आणि कसा वाचावा

प्रश्न: जुन्या आकडेवारीत १९६२ साली स्वीडनचा मृत्युदर दर हजारी ९.८ आणि पनामाचा ७.२ दिसतो. म्हणजे पनामात लोक कमी मरत होते का? "वय-प्रमाणित दर पाहा" असं सगळे सांगतात, पण तो नेमका कसा काढतात? आणि वेगवेगळ्या ठिकाणी तो वेगवेगळा का दिसतो?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर आहेत. बेरजेत चूक नाही, नोंदणीतही या फरकाचं मुख्य कारण सापडणार नाही. गोंधळ आहे तो या आकड्याला आपण जो प्रश्न विचारतो त्यात. ढोबळ मृत्युदर म्हणजे वर्षभरातले एकूण मृत्यू भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या. हजारातले किती गेले एवढंच तो सांगतो. ते हजार जण कोण होते, शाळकरी मुलं की ऐंशीच्या घरातले आजोबा, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

हे दोन देश उदाहरण म्हणून फार उपयोगी आहेत, कारण आकडे छोटे आहेत आणि सगळं गणित हाताने करून बघता येतं. तीन वयोगटांत मांडलेली १९६२ची आकडेवारी अशी:

| वयोगट | स्वीडन: लोकसंख्या | मृत्यू | दर हजारी | पनामा: लोकसंख्या | मृत्यू | दर हजारी |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–२९ | ३१,४५,००० | ३,५२३ | १.१२ | ७,४१,००० | ३,९०४ | ५.२७ |
| ३०–५९ | ३०,५७,००० | १०,९२८ | ३.५७ | २,७५,००० | १,४२१ | ५.१७ |
| ६० व पुढे | १२,९४,००० | ५९,१०४ | ४५.६८ | ५९,००० | २,४५६ | ४१.६३ |
| एकूण | ७४,९६,००० | ७३,५५५ | ९.८१ | १०,७५,००० | ७,७८१ | ७.२४ |

आधी फक्त पहिली ओळ बघा. तिशीच्या आतल्या माणसाला मृत्यूचा धोका पनामात स्वीडनच्या पावणेपाच पट होता. मधल्या गटातही पनामाचा दर जवळजवळ दीडपट आहे. तिसऱ्या गटात मात्र उलट दिसतं. त्याचा वेगळा हिशेब पुढे करू, कारण तिथे एक स्वतंत्र सापळा आहे. तरी एकूण ओळीत पनामा जिंकतो. का, ते लोकसंख्येच्या रकान्यांत आहे. स्वीडनमध्ये साठीपुढचे १७.३ टक्के होते, पनामात फक्त ५.५ टक्के. उलट तिशीच्या आतले स्वीडनमध्ये ४२ टक्के, तर पनामात ६९ टक्के. साठीपुढचा मृत्युदर बाकीच्या गटांच्या कैक पट असल्यामुळे ज्याच्याकडे म्हातारी माणसं जास्त त्याचा एकूण दर वर जातोच. स्वीडनच्या दर शंभर मृत्यूंपैकी ऐंशी साठीपुढचे होते. पनामात निम्मे मृत्यू तिशीच्या आतले होते. खरं तर सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, आणि ढोबळ दर नेमकी तीच झाकून टाकतो.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. देश "म्हातारा" होतो तो लोक जास्त जगतात म्हणून, असं सर्रास मानलं जातं. त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे अनेक दशकं कमी राहिलेले जन्म. लहान मुलं कमी आली की वरच्या वयोगटांचा वाटा आपोआप वाढतो. म्हणून वयरचना ही बऱ्याच अंशी जननदराच्या इतिहासाची खूण असते, आणि ढोबळ मृत्युदराची तुलना करताना आपण नकळत दोन देशांचे जुने जन्मदरही तोलत असतो.

प्रमाणित दर काढायचा कसा

ढोबळ दर हीसुद्धा एक भारित सरासरीच आहे. प्रत्येक वयोगटाच्या दराला त्या गटाच्या लोकसंख्येतल्या वाट्याने गुणायचं आणि बेरीज करायची. स्वीडनचे तिन्ही दर स्वीडनच्याच वाट्यांनी गुणले की बरोबर ९.८१ येतात. अडचण एवढीच की प्रत्येक देश स्वतःचे भार वापरतो. थेट पद्धतीत आपण दोन्ही देशांना एकच भार लावतो. दर ज्याचे त्याचे, भार मात्र समान. त्या समान भारांना प्रमाण लोकसंख्या म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या २००० ते २०२५ या काळातल्या जगाच्या सरासरी वयरचनेवरून ठरवलेली आहे. तिचे पाच-पाच वर्षांचे भार आपल्या तीन गटांत एकत्र केले तर साधारण ५०.८, ३७.३ आणि ११.९ टक्के होतात. आता गुणाकार करू.

स्वीडन: ०.५०८ गुणिले १.१२ म्हणजे ०.५७, ०.३७३ गुणिले ३.५७ म्हणजे १.३३, ०.११९ गुणिले ४५.६८ म्हणजे ५.४४. बेरीज ७.३४.

पनामा: ०.५०८ गुणिले ५.२७ म्हणजे २.६८, ०.३७३ गुणिले ५.१७ म्हणजे १.९३, ०.११९ गुणिले ४१.६३ म्हणजे ४.९५. बेरीज ९.५६.

ढोबळ दरात पनामा २६ टक्क्यांनी खाली होता, आता तो ३० टक्क्यांनी वर आला. मृत्यू तेच, माणसंही तीच. फक्त दोन्हीकडे वयाचं मिश्रण सारखं धरलं.

ढोबळ फरकातला किती भाग वयरचनेचा आणि किती खऱ्या धोक्याचा, हेही वेगळं काढता येतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हलिन किटागावा यांनी १९५५ साली त्याची सोपी रीत मांडली. दरांमधला फरक दोन्ही देशांच्या सरासरी वाट्यांनी गुणा, आणि वाट्यांमधला फरक सरासरी दरांनी गुणा. आपल्या उदाहरणात स्वीडन वजा पनामा हा ढोबळ फरक +२.५७ आहे. त्यात वयरचनेचा भाग +४.९४ आणि दरांचा भाग −२.३७. म्हणजे स्वीडनचे वयनिहाय दर एकूणात चांगले होते, त्याने दर २.३७ने खाली खेचला. वयरचनेने तो ४.९४ने वर ढकलला. अहवालात नुसता प्रमाणित दर देण्यापेक्षा हे दोन आकडे दिले तर वाचणाऱ्याला जास्त कळतं, असं माझं मत आहे. दुर्दैवाने ते फार कमी ठिकाणी दिलेले असतात.

प्रमाण लोकसंख्या बदलली की आकडाही बदलतो

वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा आकडा दिसतो त्याचं मुख्य कारण हेच. वरचेच दर घेऊन फक्त भार बदलून पाहू.

युरोपची २०१३ची प्रमाण लोकसंख्या बरीच वयस्क आहे. आपल्या तीन गटांत तिचे भार ३३.५, ४१ आणि २५.५ टक्के होतात. ते लावले तर स्वीडन १३.५ आणि पनामा १४.५. फरक ३० टक्क्यांवरून जेमतेम साडेसात टक्क्यांवर आला. स्वीडनचीच वयरचना प्रमाण मानली तर पनामाचा दर ११.५ येतो, स्वीडनच्या ९.८१पेक्षा १७ टक्क्यांनी जास्त. आणि पनामाची वयरचना प्रमाण मानली तर स्वीडनचा दर ४.१९ इतका खाली येतो. पनामा त्याच्या १.७३ पट.

१.०७, १.१७, १.३०, १.७३. यातलं खरं गुणोत्तर कोणतं? कोणतंच एक नाही. पनामाचा तोटा तरुण वयात एकवटलेला आहे, त्यामुळे भार तरुणांकडे झुकला की फरक मोठा दिसतो आणि म्हाताऱ्यांकडे झुकला की तो विरघळतो. तिसऱ्या गटात तर दरांचा क्रमच उलटा आहे. म्हणून साठीपुढचा भार साधारण ४२ टक्क्यांच्या वर नेला आणि उरलेला भार दोन्ही तरुण गटांत सारखा वाटला, तर प्रमाणित दरातही पनामा पुन्हा "चांगला" ठरेल. इतकी वयस्क प्रमाण लोकसंख्या कोणी वापरत नाही, पण यातून एक कसोटी मिळते: वयनिहाय दरांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील तर एका आकड्यात तुलना करू नये. दर वयोगटानुसार शेजारी शेजारी ठेवावेत. रेषा छेदत नसतील, म्हणजे प्रत्येक वयात एकच देश वर असेल, तर कोणतीही प्रमाण लोकसंख्या घेतली तरी क्रम बदलत नाही. फरकाचं प्रमाण तेवढं बदलतं.

इथून एक व्यवहारी नियम निघतो. प्रमाणित दराला एकट्याने अर्थ नसतो. "वय-प्रमाणित मृत्युदर ७.३" हे वाक्य कोणत्या प्रमाण लोकसंख्येवर ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे, कारण तोच स्वीडन वर ४.१९, ७.३४, ९.८१ आणि १३.५ असा चार प्रकारे आला. कर्करोगाच्या आकडेवारीत अजूनही बहुधा जपानी संशोधक सेगी यांची १९६०ची जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरतात (ब्रिटिश संशोधक डॉल यांनी १९६६ साली थोडी सुधारलेली). ती जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या भारांपेक्षा तरुण आहे. म्हणून एका संकेतस्थळावरचा कर्करोगाचा दर आणि दुसरीकडचा हृदयविकाराचा दर शेजारी ठेवून काही ठरवण्याआधी दोन्हीकडची तळटीप वाचायला हवी.

काळाच्या ओघातही हे घडतं. अमेरिकेत अनेक दशकं १९४०ची लोकसंख्या प्रमाण होती. १९९९च्या आकडेवारीपासून २०००ची लोकसंख्या लागू झाली. त्या बदलाने त्याच मृत्यूंचा प्रमाणित दर कागदावर दीडपटीहून जास्त वाढला. युरोपातही १९७६च्या प्रमाण लोकसंख्येत पासष्टीपुढचे ११ टक्के होते, २०१३च्या लोकसंख्येत ते साडेएकोणीस झाले. आलेखात एखाद्या वर्षी सगळ्या देशांची रेषा एकदम उडी मारताना दिसली तर साथीचा शोध घेण्याआधी भार बदललेत का ते बघा.

साठीपुढच्या गटाचं कोडं

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. साठीपुढे पनामाचा दर स्वीडनपेक्षा कमी का? म्हाताऱ्यांची काळजी पनामात चांगली होती असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. त्याआधी दोन शक्यता तपासायला लागतात.

पहिली म्हणजे गट फार रुंद आहे. "साठ व पुढे" यात ६१ वर्षांचा माणूसही येतो आणि ९१ वर्षांचाही. प्रौढ वयात मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो, म्हणजे या एका गटाच्या आतच धोका दहापटीहून जास्त बदलतो. समजा, दोन काल्पनिक देशांत ६०–७४चा दर हजारी २५ आणि ७५ व पुढचा ११० आहे, दोन्हीकडे अगदी सारखा. पहिल्या देशात साठीपुढच्यांपैकी २७ टक्के पंचाहत्तरीपुढचे आहेत, दुसऱ्यात १८ टक्के. मग पहिल्याचा "६० व पुढे" दर येतो ४७.९५ आणि दुसऱ्याचा ४०.३. धोक्यात कणभर फरक नसताना जवळजवळ आठाचा फरक तयार झाला. मुळात जो सापळा टाळायला आपण वयोगट पाडले, तोच सापळा गटाच्या आत शिल्लक राहिला. जिथे म्हातारे जास्त तिथे अतिवृद्धही जास्त असण्याची शक्यता असते, म्हणून चूक नेहमीच्याच दिशेने होते: वयस्क देश आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

हेच तळाच्या गटातही घडतं, पण उलट दिशेने. ०–२९मध्ये नवजात बाळंही आहेत, आणि पहिल्या वर्षाचा धोका पुढच्या कित्येक वर्षांपेक्षा खूप मोठा असतो. जन्म जास्त असलेल्या पनामात या गटातल्या बाळांचा वाटा मोठा होता. त्यामुळे ५.२७ आणि १.१२ यांतला काही फरक रचनेचा आहे, सगळाच धोक्याचा नाही. उपाय साधा आहे: पहिलं वर्ष वेगळं, १ ते ४ वेगळं, मग पाच-पाच वर्षांचे गट, आणि शेवटचा उघडा गट किमान ८५ व पुढे. वरचं तीन गटांचं कोष्टक रीत समजावण्यासाठी ठीक आहे, निर्णय घेण्यासाठी नाही.

दुसरी शक्यता नोंदीची. जन्मतारखेचा कागद नसलेल्या पिढीत वय अंदाजाने सांगितलं जातं, आणि म्हातारपणी ते वाढवून सांगण्याकडे कल असतो. जनगणनेत पंचावन्नचा माणूस साठचा झाला की वरच्या गटाचा छेद फुगतो आणि तिथला दर खाली येतो. शिवाय काही मृत्यूंची नोंदच होत नाही. नोंदणी ९० टक्के असेल तर प्रमाणित दरही १० टक्क्यांनी कमीच येणार. भार लावल्याने न नोंदलेले मृत्यू परत येत नाहीत. ओळखायचं कसं? ० आणि ५ने संपणाऱ्या वयांवर लोकसंख्येचे उंचवटे दिसतात का ते बघा. त्यासाठी व्हिपल निर्देशांक आहे: १०० म्हणजे अशी ओढ नाही, ५०० म्हणजे प्रत्येकाने ० किंवा ५वर संपणारंच वय सांगितलं. आणि बालमृत्यू जास्त असलेल्या देशाचा अतिवृद्धांचा दर उत्तम नोंदणी असलेल्या श्रीमंत देशांपेक्षा कमी दिसला, तर आधी नोंदीवर संशय घ्यावा.

वयनिहाय मृत्यू माहीत नसतील तर

बऱ्याचदा एकूण मृत्यू कळतात, वयनिहाय कळत नाहीत. किंवा गट इतके लहान असतात की एखाद्या वयात तीनच मृत्यू असतात. अशा वेळी अप्रत्यक्ष पद्धत वापरतात. स्वीडनचे दर पनामाच्या लोकसंख्येला लावून बघू. ७,४१,००० जणांत ८३०, २,७५,००० जणांत ९८३ आणि ५९,००० जणांत २,६९५ मृत्यू अपेक्षित, एकूण ४,५०८. प्रत्यक्षात झाले ७,७८१. गुणोत्तर १.७३, शंभरच्या मापात १७३. इथे पनामाचे वयनिहाय मृत्यू लागलेच नाहीत, फक्त वयनिहाय लोकसंख्या आणि एकूण मृत्यू पुरले.

हा १.७३ आधीही आला होता, पनामाची वयरचना प्रमाण मानली तेव्हा. तो योगायोग नाही. अप्रत्यक्ष पद्धत प्रत्येक ठिकाणी त्या-त्या जागेचेच भार वापरते. म्हणून एका जिल्ह्याचं गुणोत्तर १२० आणि दुसऱ्याचं ११० असेल तर पहिला वाईट, असं म्हणता येत नाही. दोघांची तुलना ज्याचे दर लावले त्या देशाशी करता येते, एकमेकांशी नाही. अहवालांत जिल्ह्यांची क्रमवारी याच गुणोत्तरावर लावलेली दिसते, आणि ती चूक इतकी रुळली आहे की कोणाला खटकतही नाही.

लहान आकड्यांचा अंदाज असा घ्यावा: एखाद्या गटातल्या मृत्यूंच्या संख्येचं वर्गमूळ काढा, १ भागिले ते म्हणजे साधारण सापेक्ष त्रुटी. २,४५६ मृत्यूंना ती २ टक्के, २० मृत्यूंना २२ टक्के. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य आकडेवारी संस्था २०पेक्षा कमी मृत्यूंवरचा दर अविश्वसनीय ठरवते, तो उंबरठा यातूनच समजतो.

प्रत्यक्ष काम करताना

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात: वयोगट, मृत्यू, लोकसंख्या, प्रमाण भार. मृत्यू B मध्ये, लोकसंख्या C मध्ये, भार D मध्ये आणि अठरा गट दुसऱ्या ओळीपासून असतील तर दर हजारी प्रमाणित दर एका सूत्रात येतो:

```
=SUMPRODUCT(B2:B19/C2:C19, D2:D19)/SUM(D2:D19)*1000
```

शेवटी भारांच्या बेरजेने भागायला विसरू नका. काही प्रमाण लोकसंख्यांचे भार एक लाखात दिलेले असतात, काहींचे टक्क्यांत, आणि पूर्णांक केल्यावर बेरीज १००.०३ अशीही येते.

चुका होतात त्या बहुतेक गट जुळवताना. मृत्यू ८५ व पुढेपर्यंत आणि लोकसंख्या ८० व पुढेपर्यंतच दिलेली असेल तर दोन्हीकडे ८०वर थांबायचं आणि प्रमाण भारही तसेच एकत्र करायचे. ते केलं नाही तर शेवटचे भार गळून पडतात, आणि दर नेमका जिथे सर्वात मोठा तिथेच कापला जातो. वय न नोंदलेले मृत्यू टाकून न देता ज्ञात वयांच्या प्रमाणात वाटून द्यावेत. पडताळणीची एक खात्रीची रीत आहे: D रकान्यात तात्पुरती त्या देशाचीच लोकसंख्या टाका. उत्तर ढोबळ दराइतकं यायलाच हवं. नाही आलं तर गट कुठेतरी सरकले आहेत.

प्रमाण लोकसंख्येची कटकटच नको असेल तर आयुर्मान बघा. तेही वयनिहाय दरांवरूनच काढतात, पण बाहेरचे भार लागत नाहीत. त्याचा आणि ढोबळ दराचा एक छान संबंध आहे. जन्म, मृत्यू आणि वयरचना पूर्ण स्थिरावलेल्या लोकसंख्येत ढोबळ मृत्युदर बरोबर १ भागिले आयुर्मान असतो. आयुर्मान ७० तर दर हजारी १४.३, आयुर्मान ८४ तर ११.९. आता ७० वर्षं आयुर्मान असलेल्या देशाचा ढोबळ दर ६ दिसला की लगेच कळतं: हा देश तरुण आहे, आणि हा ६ पुढे चढणार आहे. काही आखाती देशांचा दर हजारी एक-दोनच्या आसपास असतो. तो शब्दशः घेतला तर माणूस तिथे पाचशे ते हजार वर्षं जगतो असं मानावं लागेल. प्रत्यक्षात ती कामाच्या वयाच्या स्थलांतरितांची गर्दी आहे.

उलट टोकाला जपान आहे. तिथला ढोबळ दर १९७९ साली हजारी ६.० इतका खाली गेला होता, २०२२ मध्ये तो १२.९ झाला. त्याच काळात पुरुषांचं आयुर्मान ७३ वर्षांच्या आसपासहून ८१वर आणि स्त्रियांचं ७८–७९वरून ८७वर गेलं. ढोबळ दर दुपटीहून वाढला आणि माणसाचं आयुष्यही वाढलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

ढोबळ दर म्हणून टाकाऊ ठरत नाही. दवाखान्यात खाटा किती लागतील, वृद्धांच्या शुश्रूषेसाठी किती माणसं हवीत, अंत्यसंस्काराची सोय किती जणांसाठी करायची, निवृत्तिवेतनाचा बोजा किती, या प्रश्नांना ढोबळ दर आणि मृत्यूंची खरी संख्याच लागते. जपानमध्ये २०२२ साली १५ लाख ६९ हजार मृत्यू झाले. व्यवस्था त्यांच्यासाठी करावी लागते, प्रमाण लोकसंख्येतल्या कल्पित माणसांसाठी नाही. प्रमाणित दरातली माणसं कुठल्याच देशात राहत नसतात. धोक्याची तुलना करायची असेल तेवढ्यापुरतीच ती कामाची.